पाव फेऱ्याचा हिशेब

मिस्त्री पाना हातात घेतात आणि समोरच्या पोरांना विचारतात, "पाव फेरा दिला तर बोल्ट किती लांबेल?"

टेबलावर पितळेची ५०० मिमी लांब नळी आहे. बाहेरचा व्यास ३५, आतला २५. तिच्यातून २० मिमीचा पोलादी बोल्ट गेला आहे आणि दोन्ही टोकांना जाड वॉशर आहेत. आट्यांचा पिच २.५ मिमी, म्हणजे पाव फेऱ्यात नट ०.६२५ मिमी पुढे सरकतो. तेवढाच बोल्ट लांबणार, असं उत्तर हमखास येतं. त्यावरून प्रतिबल काढलं तर दर चौरस मिमीला २५० न्यूटन येतं. साध्या बोल्टाला हे झेपणार नाही.

पण नळी काही दगडाची नाही. नट सरकताना बोल्ट ताणला जातो आणि नळी दबते. बोल्टाची वाढ आणि नळीची घट मिळून ०.६२५ मिमी भरते. बाहेरून कोणी ओढत नसल्याने बोल्टातली ओढ नळीतल्या दाबाइतकीच असते. या दोन गोष्टी एकत्र मांडल्या की गणित सुटतं. पोलादाचा यंग गुणांक २,००,००० आणि पितळेचा १,००,००० धरला, तर बल सुमारे ३३.७ किलोन्यूटन निघतं. जवळजवळ साडेतीन टन. बोल्टात प्रतिबल १०७, नळीत ७१. बोल्ट ०.२७ मिमी लांबतो, नळी ०.३६ मिमी आखूड होते. मोठा वाटा नळी उचलते, कारण पितळ अधिक लवचिक आहे.

कागदावर एवढं पुरतं. पण आट्यांपाशी २० मिमीच्या बोल्टाचं प्रभावी क्षेत्रफळ ३१४ नव्हे, २४५ चौरस मिमीच असतं. त्यामुळे तिथे प्रतिबल १३७ पर्यंत चढतं.

आता नळी अर्धी करा, २५० मिमीची. फेरा तोच, पण बल दुप्पट होतं आणि आट्यांतलं प्रतिबल २७५ वर जातं. ४.६ ग्रेडच्या बोल्टाची नमनमर्यादा २४०, म्हणजे आट्यांपाशी तो कायमचा ताणला जाणार. आखूड जोडाला फेरा कमी द्यायचा तो यासाठी.

फेरा मोजायचा कुठून, ही खरी अडचण. टोकाला बर असेल, नळी काटकोनात कापलेली नसेल, तर पहिला काही फेरा फटी मिटवण्यातच जातो. म्हणून मिस्त्री आधी नट हलका आवळतात, वॉशर सगळीकडून टेकला का ते पाहतात आणि मगच नटावर खडूची रेघ ओढतात. टॉर्क पान्यावर त्यांचा फारसा भरवसा नाही. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच बोल्ट ताणायला उपयोगी पडतो, बाकी घर्षण खातं. त्यापेक्षा बोल्टाच्या दोन्ही टोकांवर मायक्रोमीटर धरून आवळण्याआधीची आणि नंतरची लांबी मोजणं त्यांना पटतं. फरक ०.२७ च्या जवळ आला तर ठीक. ०.१५ च आला, तर नट सोडून नळीचं टोक पुन्हा कानशीनं घासावं लागतं.