मांडीवरचे मूल कोणाचे?

कुटुंबाच्या स्मृतिग्रंथासाठी येणारी जुनी छायाचित्रे आता बहुधा स्कॅन करून किंवा मोबाइलने टिपून अपलोड केलेली असतात, आणि वर्णन लिहिणाऱ्याच्या हाती मूळ कागद न येता केवळ त्याची प्रतिमा येते. त्यामुळे छायाचित्राचा पुठ्ठा, त्यावरचे स्टुडिओचे नाव आणि पाठीमागचा मजकूर या तीन गोष्टी पहिल्याच पायरीला गळून पडतात. फाइलच्या नावाचाही उपयोग होत नाही, कारण `IMG-20210514-WA0007.jpg` हे नाव ती प्रत कोणाच्या तरी फोनवर कधी उतरली एवढेच सांगते. म्हणून वर्णनाला हात घालण्यापूर्वी पुढची बाजू कडांसह आणि मागची बाजू अक्षर वाचता येईल इतकी स्वच्छ, अशा दोन प्रती मागवून घेणे हा या कामातील पहिला नियम मानावा लागतो. पुढे होणाऱ्या चुका मात्र प्रत चांगली असूनही होतात, कारण त्यांचे मूळ पाहणाऱ्याच्या सवयीत असते: पाहणारा आजच्या घराची रचना शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रावर लादतो आणि जे दिसते त्याला लगेच नाते चिकटवतो.

ही प्रक्रिया समजण्यासाठी एक नमुनाचित्र घेता येईल. मध्यभागी खुर्चीवर कोट आणि पगडी घातलेला पुरुष, शेजारच्या खुर्चीवर नऊवारी नेसलेली, सुरकुतल्या चेहऱ्याची स्त्री आणि तिच्या मांडीवर वर्षाभराचे मूल आहे. मागे एक तरुण पुरुष व एक तरुण स्त्री उभी आहे. डाव्या टोकाला, इतरांपासून थोडे अंतर राखून, डोक्यावरून पदर घेतलेली, अंगावर एकही दागिना नसलेली व गडद लुगड्यातली स्त्री उभी आहे. खाली सतरंजीवर डोक्याचा गोटा केलेला मुलगा आणि त्याच्याजवळ तीनेक वर्षांचे, फ्रॉक घातलेले, वेणी घातलेले मूल बसले आहे. पाठीवर ‘चि. बाळूची मुंज, माघ शके १८५०, वहिनी व मंडळी’ असे लिहिलेले आहे. यावर पहिल्या झटक्यात लिहिले जाणारे वर्णन ठरलेले असते: आजोबा, आजी व तिच्या मांडीवर नातू, मागे मुलगा व सून, डावीकडे काळ्या साडीतील मोलकरीण, खाली नातू व नात, वर्ष १९२८. या वाक्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द तपासण्याजोगा आहे.

सालापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण वयांचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा असतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हा हिशेब चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरा असतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, आणि माघ महिना सामान्यतः त्याच भागात येतो. म्हणून शके १८५० चा माघ हा फेब्रुवारी-मार्च १९२९ आहे. एका वर्षाचा फरक किरकोळ वाटतो, पण मांडीवरच्या मुलाच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो, कारण १९२८ च्या पावसाळ्यात जन्मलेले मूल एका हिशेबात अस्तित्वातच नसते आणि दुसऱ्यात सहा-सात महिन्यांचे असते.

गोटा केलेला मुलगा हाच बाळू, हे मजकुरावरून संभवते, तरी केवळ गोट्यावरून ते कधीही ठरवू नये. मुंजीत शेंडी राखून डोके भादरतात, तसेच वडील गेल्यावर मुलगेही डोके भादरतात, आणि एका प्रसंगाचे चित्र दुसऱ्याचे समजले गेले तर मध्यभागी बसलेल्या पुरुषाशी असलेले नातेच उलटते. मुंजीवरून वय काढतानाही घाई होते. आठवे वर्ष हे परंपरेचे वय असले तरी ‘गर्भाष्टम’ म्हणजे गर्भापासून मोजलेले आठवे वर्ष धरले तर मुलगा प्रत्यक्षात सात वर्षांचा असतो; उलट खर्च वाचावा म्हणून दोघा भावांच्या किंवा चुलतभावांच्या मुंजी एकदमच लावण्याची पद्धत असल्याने थोरला दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत थांबलेलाही आढळतो. म्हणून ‘आठ वर्षांचा बाळू’ असे न लिहिता ‘सुमारे ७ ते ११ वर्षांचा’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे. त्याच्याशेजारचे वेणीवाले मूल नात असेलच असे नाही. जावळ काढेपर्यंत मुलग्यांचेही केस वाढवत, त्यांची वेणी घालत आणि हौसेने झबली-फ्रॉक घालत, त्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलाचे लिंग कपड्यांवरून ठरवणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येणारा दोष आहे.

चेहऱ्यांच्या वयाबाबत छायाचित्रणाचे रसायनही फसवते. त्या काळात पुष्कळ स्टुडिओंत वापरल्या जाणाऱ्या काचा आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असत, म्हणजे निळ्या व हिरव्या प्रकाशाचा त्यांच्यावर परिणाम होई, पण तांबड्याचा जवळजवळ होत नसे. त्यामुळे तांबडे ते काळे आणि फिके निळे ते पांढरे उमटत असे. माणसाच्या त्वचेत तांबूस छटा असल्याने ती मुळापेक्षा काळवंडे, डाग आणि सुरकुत्या ठळक होत, आणि चाळिशीची स्त्री साठीची दिसे. याच्या नेमके विरुद्ध घडवणारा हातही होता: स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत असत, त्यामुळे एकाच चित्रात एक चेहरा वाजवीपेक्षा वृद्ध आणि दुसरा अनैसर्गिक गुळगुळीत दिसू शकतो. चेहरा पाहून वय लिहिणे म्हणूनच या कामात शेवटचा उपाय असावा.

हेच रसायन डाव्या टोकाच्या स्त्रीबद्दलची चूक उलगडते. तिचे लुगडे काळे दिसते, परंतु त्या पिढीतील केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवा जे आलवण नेसत ते तांबडे असे, आणि ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर तांबडे काळेच उमटणार. डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, कपाळ मोकळे, हात ओके आणि शुभकार्याच्या दिवशी राखलेले अंतर ही सर्व चिन्हे एकत्र घेतली तर ती घरातलीच विधवा, बहुधा मध्यभागच्या पुरुषाची बहीण, म्हणजे मुलांची आत्या असण्याची शक्यता मोलकरणीपेक्षा कितीतरी अधिक आहे. ज्या बाईने कदाचित ते सगळे घर चालवले तिला एका शब्दात घराबाहेर काढणारे वर्णन छापले गेले तर पुढची पिढी त्यावरच विश्वास ठेवते, आणि म्हणून या एका चुकीकडे संपादकाने इतर सर्वांपेक्षा अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे. मोकळ्या कपाळाचा पुरावाही काळ पाहून वापरावा लागतो: ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर कुंकू काळेभोर दिसते, त्यामुळे तेथे त्याचा अभाव बोलका असतो; तांबडे टिपणाऱ्या नंतरच्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मवर मात्र तेच कुंकू त्वचेच्या करड्या छटेत विरून जाऊ शकते, आणि अशा चित्रावरून एखाद्या सवाष्णीला विधवा ठरवण्याची चूक घडते.

आता मांडीवरचे मूल. खुर्चीवरच्या स्त्रीला आजी म्हणण्यामागे तिचा सुरकुतलेला चेहरा आणि मागे उभी असलेली तरुण सून एवढाच आधार असतो. मागच्या तरुणाचा शाळा सोडल्याचा दाखला घरात सापडला आणि त्यात जन्मसाल १९०६ निघाले असे धरले, तर चित्रात तो बावीस-तेवीस वर्षांचा आहे. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, म्हणजे या घरातील दोन्ही लग्ने त्याच्या आधीची. पहिले मूल चौदा ते अठराव्या वर्षी झाले असेल, तर ती स्त्री १९२९ मध्ये सदतीस ते एक्केचाळीस वर्षांची ठरते आणि मांडीवरचे मूल तिचे स्वतःचे शेंडेफळ असणे अगदी स्वाभाविक होते. सासू आणि सून यांची बाळंतपणे मागेपुढे होणे त्या घरांत नवलाचे नव्हते, त्यामुळे खाली बसलेले तीन वर्षांचे मूल सुनेचे आणि मांडीवरचे मूल त्याचा काका किंवा आत्या, अशी रचना निघते. अशा रचनेत भावाचे मूल काका-आत्यापेक्षा मोठे असते, आणि हे नाते वयावरून कधीच ओळखता येत नाही. मात्र हा सगळा हिशेब ती स्त्री त्या तरुणाची जन्मदात्री आहे या गृहीतावर उभा आहे. पहिली पत्नी बाळंतपणात गेल्यावर पुरुषाने दुसरे लग्न केले असेल, तर खुर्चीवरची स्त्री थोरल्या मुलापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी असू शकते. म्हणून घरातील वंशावळीत दुसऱ्या लग्नाची नोंद आहे का हे पाहिल्याखेरीज वय लिहू नये.

पाठीवरच्या ‘वहिनी’ या उल्लेखाने बहुतेक जण मागे उभ्या असलेल्या तरुण सुनेकडे बोट दाखवतात. पण नात्याचा कोणताही उल्लेख लिहिणाऱ्याच्या जागेवरून केलेला असतो, आणि ती जागा कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मजकूर मध्यभागच्या पुरुषाच्या धाकट्या भावाने लिहिला असेल, तर वहिनी म्हणजे खुर्चीवरची स्त्री. शिवाय एकत्र कुटुंबात मुले काकाच्या तोंडून ऐकून स्वतःच्या आईलाही वहिनी म्हणत, त्यामुळे तो मजकूर तिच्या मुलाचाही असू शकतो. त्याच हाताची सही असलेले एखादे पत्र मिळाले तर अक्षर जुळवून हा प्रश्न सुटतो. स्त्रीचे नाव लिहितानाही अशीच अडचण येते, कारण लग्नात आडनावाबरोबर नावही बदलत असल्याने माहेरच्या कागदातील द्वारका आणि सासरच्या कागदातील लक्ष्मी या एकाच बाईच्या दोन बायका होऊन बसतात.

नातेवाइकांना विचारताना प्रश्नाची घडण सांभाळावी लागते. ‘ही आत्याच ना?’ असे विचारले की होकार येतो. त्याऐवजी चेहऱ्यांवर आकडे घातलेली प्रत दोघा वृद्धांना वेगवेगळी दाखवून ‘चार क्रमांक कोण?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याचे जन्मसाल उत्तराशेजारी टिपावे, कारण १९३५ मध्ये जन्मलेली व्यक्ती १९२९ चे चेहरे त्यांच्या म्हातारपणावरून ओळखत असते. क्रम पाहणाऱ्याच्या डावीकडून द्यावा आणि त्याआधी चित्र उलटे छापले गेले नाही ना हे तपासावे. पुरुषांच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो, तो उलट दिसला तर निगेटिव्ह पालथी स्कॅन झालेली असते.

या सगळ्या तपासणीनंतर नमुनाचित्राखाली छापता येण्याजोगा मजकूर असा होतो. त्यातील सर्व नाती मुंजमुलाच्या जागेवरून मोजलेली आहेत. ‘बाळूच्या मुंजीच्या वेळी, माघ शके १८५० (फेब्रुवारी-मार्च १९२९), पाठीवरील मजकुरावरून. खुर्चीवर, डावीकडून: वडील, आई, मांडीवर धाकटे भावंड (दोघा नातेवाइकांच्या सांगण्यावरून). उभे, डावीकडून: बहुधा आत्या (पेहरावावरून अनुमान), थोरला भाऊ, वय सुमारे २२ (शाळेच्या दाखल्यावरून), त्याची पत्नी. खाली बसलेले: मुंजमुलगा बाळू, वय सुमारे ७ ते ११, थोरल्या भावाचे मूल, वय सुमारे ३, मुलगा की मुलगी हे निश्चित नाही.’