पोच घेतलीस का?

एक एप्रिल, 2024. सकाळी साडेदहा. कॉफीचा पहिला घोट आणि इनबॉक्समध्ये एक इनव्हॉइस. नऊ युजर्स, दर युजरमागे महिन्याला 600 रुपये, बारा महिन्यांचे 64,800. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 76,464 रुपये. एप्रिल फूल असेल असं क्षणभर वाटलं. कारण हे प्रोजेक्ट ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर आम्ही बंद केलं होतं. म्हणजे, मी बंद केलं होतं. निदान सरांना तसं छातीठोकपणे सांगितलं होतं!

पुण्यातलं आमचं ऑफिस छोटं. आर्किटेक्ट सर, आम्ही आठ जण आणि अकाउंट्सचे काका. ऑफिस सांभाळणं, म्हणजे भाडं, इंटरनेट, एसीवाला आणि सगळी सब्स्क्रिप्शन्स, हा माझा प्रांत. हे सॉफ्टवेअर नऊपैकी तिघंच वापरत होते. म्हणून 12 फेब्रुवारीला मी त्यांच्या सेल्सवाल्या मुलाला फोन केला, 'पुढच्या वर्षी नको हं.' तो म्हणाला, 'डोन्ट वरी मॅडम, होऊन जाईल.' व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठासुद्धा आला. कंपनीचं कार्डही मी त्यांच्या साइटवरून काढून टाकलं. विषय संपला.

इनव्हॉइस घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकच प्रश्न विचारला, 'पोच घेतलीस का?'

काकांची पिढी कुठलाही अर्ज दोन प्रतींत नेते आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. मी मनातल्या मनात हसायचे. त्या दिवशी हसू आलं नाही.

मग साइन अप करताना न वाचलेलं अ‍ॅग्रीमेंट उघडलं. 'टर्म अँड रिन्यूअल'खाली स्वच्छ लिहिलं होतं : मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढेल. आणि शेवटच्या पानावर, 'नोटिसेस' या कलमात : नोटीस फक्त ऑर्डर फॉर्ममधल्या ईमेलवर द्यायची. म्हणजे मी तीन चुका केल्या होत्या. नोटीस उशिरा दिली, तोंडी दिली आणि भलत्याच माणसाला दिली. कार्ड काढण्याचा तर उपयोगच नव्हता. कार्ड काढल्याने पैसे कापले जाणं थांबतं, करार थांबत नाही. बिल येतंच.

पैसे भरले. सर काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये 'फॉलो-अप' या रकान्यात काय लिहिलं होतं ते नका विचारू.

पुढचं वर्ष मात्र मी काकांच्या स्टाइलने खेळले. आधी तारीख. करार 31 मार्च 2025ला संपणार. तिथून 60 दिवस मागे मोजले की 30 जानेवारी. (आदल्या वर्षी लीप इयर होतं, म्हणून तीच तारीख 31 जानेवारी होती. दोन महिने आधी असा अंदाज बांधू नका, कॅलेंडर घेऊन बसा.) पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. पत्ता चुकला, मेल परत आला, उत्तरच आलं नाही, तर दुसरा प्रयत्न करायला वेळ हवा. मी शुक्रवार, 10 जानेवारी पक्का केला.

मग मजकूर. मेल इंग्रजीतच होता, पण त्याचा गाभा असा :

'आमचा ग्राहक क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक वर दिला आहे. करारातील नूतनीकरणाच्या कलमानुसार ही लेखी नोटीस. 31 मार्च 2025 रोजी चालू मुदत संपल्यावर आम्हाला नूतनीकरण करायचं नाही. तोपर्यंत सेवा नेहमीप्रमाणे चालू ठेवावी. कृपया तीन गोष्टी लेखी कळवा : करार कोणत्या तारखेला संपेल, त्यानंतर बिल येणार नाही, आणि आमचा डेटा किती दिवस उतरवून घेता येईल. उत्तर 17 जानेवारीपर्यंत अपेक्षित.'

यात 'कॅन्सल' हा शब्द मी मुद्दाम टाळला. नुसतं 'कॅन्सल करा' लिहिलं, तर ते आजपासूनच असा अर्थ निघू शकतो. मग अकाउंट बंद, उरलेल्या अडीच महिन्यांचे पैसे बुडीत आणि ड्रॉइंग्जवरच्या कॉमेंट्स आतच. 'नूतनीकरण नको' म्हटलं की असा घोळ होत नाही. 'आम्ही बंद करण्याचा विचार करतोय' ही तर नोटीसच नाही. ते सेल्सवाल्याला दिलेलं आमंत्रण झालं! मेल ठरलेल्या पत्त्यावर गेला, सीसीमध्ये काका. कलमाचा क्रमांकही घातला आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं खाली चिकटवलं, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागू नये.

मिनिटभरात उत्तर! 'आपली विनंती मिळाली, तिकीट क्रमांक अमुक.' मी उड्या मारत काकांकडे. ते म्हणाले, 'हे मशीन बोलतंय. मिळालं एवढंच म्हणतंय, मान्य कुठे म्हणतंय?'

खरं तर आयटी कायदा, 2000 आपल्या बाजूने आहे. समोरच्याने ईमेल ठरवून दिला असेल, तर त्या यंत्रणेत मेल शिरला की तो मिळाला असं धरलं जातं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. पण ते वाद घालायची वेळ आल्यावर. मला वादच नको होता.

सोमवारी सेल्सवाल्याचा फोन. 'मॅडम, 30 टक्के डिस्काउंट देतो. तोवर तुमची रिक्वेस्ट होल्डवर ठेवू?' ही खरी गुगली. फोनवर 'बरं, बघते' म्हटलं असतं, तर 30 जानेवारी अलगद निघून गेली असती. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर त्याच मेलखाली लिहिलं : 'आज फोनवर बोलणं झालं. आमची 10 जानेवारीची नोटीस कायम आहे. ती होल्डवर ठेवायला आमची संमती नाही.'

सतरा तारीख कोरडी गेली. आठवण केली. एकवीसला उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' पुन्हा विचारलं, माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं? अखेर 23 जानेवारीला एका माणसाच्या नावाने मेल आला : करार 31 मार्च 2025ला संपेल, आपोआप वाढणार नाही, पुढे बिल नाही, डेटा त्यानंतर 30 दिवस उतरवता येईल. काकांनी प्रिंट काढून फाइलला लावली. वर पेन्सिलने लिहिलं, 'पोच.'

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण एक एप्रिल, 2025. कॉफी. इनव्हॉइस. 76,464 रुपये!

या वेळी हात थरथरला नाही. तेवीस तारखेचा मेल जोडला आणि क्रेडिट नोट मागितली. 'चुकून गेलं, दुर्लक्ष करा' असं उत्तर आलं, तेही मानलं नाही. क्रेडिट नोटशिवाय ते बिल त्यांच्या खात्यात आमच्या नावावर उभंच राहतं आणि जीएसटीच्या पोर्टलवरही दिसत राहतं. दोन दिवसांत क्रेडिट नोट आली. बिलिंगवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे.

परवा ऑफिसचा एसीवाला म्हणाला, 'मॅडम, यंदा एएमसी बंद ना? झालं समजा.' मी म्हटलं, 'दादा, समजत नाही मी. मेल करते, त्यावर उत्तर द्या.' कोपऱ्यातून काका चष्म्यावरून बघत होते. हसले की काय, कळलं नाही.