क्रियापदामागचा लहान शब्द

शिराळ्यास इंग्रजी शिकत असतां आम्हीं एका वहींत दीडशें जोडक्रियापदांची यादी अर्थांसह उतरून घेतली होती. रोज दहा पाठ करावयाचीं असा नेम होता. पंधरवड्यानें परीक्षा झाली, तेव्हां ‘यूज अप’ याचा अर्थ ‘वर उपयोग करणें’ असा लिहून आम्ही मोकळे झालों!

गुरुजी रागावले नाहींत. त्यांनीं फळ्यावर दोन वाक्यें लिहिलीं: ‘ही टोअर द पेपर’ आणि ‘ही टोअर अप द पेपर’. पहिल्यांत कागद फाडला. कदाचित् कोपराच फाटला असेल. दुसऱ्यांत तो फाडून टाकला, तुकडे तुकडे केले. आपल्या मराठींत ‘टाकणें’ जें काम करतें, तेंच येथें ‘अप’ करतो, हें ऐकतांच आमच्या डोक्यांत उजेड पडला.

‘अप’ म्हणजे मुळांत वर. ‘स्टँड अप’मध्यें तो तसाच आहे. पण हंडा भरतांना पाणी वर चढतें आणि कांठास लागलें कीं भरणें संपतें. म्हणून ‘फिल अप’ म्हणजे पूर्ण भरणें, अशी खूण आम्हीं मनाशीं बांधली. मग ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणें. आणि मोरणेचा डोह आटून गेला, तर ‘ड्राय अप’. यादींतील बरींच क्रियापदें अशीं एका दाव्यास बांधलीं गेलीं.

परंतु मराठीवर फार विसंबूं नये. कागद, घर आणि मेणबत्ती या तिन्हींस आपण ‘जळून गेला’, ‘जळून गेलें’ किंवा ‘जळून गेली’ असेंच म्हणतों. इंग्रजींत कागद ‘बर्न अप’ होतो, कारण त्याचें कांहीं उरत नाहीं. घर ‘बर्न डाउन’ होतें, कारण तें जमिनीस मिळतें. मेणबत्ती ‘बर्न आउट’ होते, कारण मेण संपून ज्योत विझते. ‘आउट’चा हा अर्थ दिवा मालविण्याच्या ‘पुट आउट’मध्येंही आहे. क्रियापद तेंच, मागचा शब्द शेवट कसा झाला तें सांगतो.

आणखी एक चूक आमच्या हातून वरचेवर होई. ‘टेअर अप द पेपर’ चालतें, ‘टेअर द पेपर अप’ही चालतें, पण कागदाऐवजीं ‘इट’ आलें कीं ‘टेअर इट अप’ एवढेंच शुद्ध. सर्वनाम मध्येंच बसावयाचें.

सगळींच क्रियापदें मात्र या दाव्यास येत नाहींत. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें. त्यांत वर काय आणि पूर्ण काय, हें आम्हांस आजही उमगलें नाहीं. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत अशा क्रियापदांनीं परक्यांची फार अडचण होते असें नमूद केलें आहे, हें पुढें वाचनांत आलें, तेव्हां थोडें बरें वाटलें. तसलीं हट्टी क्रियापदें आम्हीं वहीच्या शेवटच्या पानावर वेगळीं लिहिलीं. दीडशेंच्या जागीं तीं तीसएक भरलीं, आणि तेवढीं पाठ केलीं.