सिस्टर कुठे होती?

६ नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. काही दिवसांतच पहिल्या अटका झाल्या. त्यात एक महिला वैद्यकीय अधिकारी होत्या आणि तीन परिचारिका होत्या. परिचारिकांच्या संघटना त्याविरोधात रस्त्यावर उतरल्या. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरवायला न्यायालय आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. इमारतीचं वायरिंग कोणी करायचं, फायर ऑडिट कधी करायचं, वॉर्डात किती माणसं नेमायची, यातला एकही निर्णय परिचारिकेच्या हातात नसतो. पण काही घडलं की पहिला प्रश्न तिच्याच नावाने येतो: सिस्टर कुठे होती?

हा प्रश्न आम्हीही अनेकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून, आवाज चढवून विचारला आहे. सिस्टर रात्रभर कुठे असते, हे मात्र बसून कधी पाहिलं नव्हतं. मागच्या गळीत हंगामात ते पाहायला मिळालं. दवाखान्याचं नाव आम्ही लिहीत नाही. नगर जिल्ह्यातला एक मोठा सरकारी दवाखाना, एवढं पुरे. ताईंचंही नाव नाही, कारण त्यांची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची आहे.

ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावरून संध्याकाळी फोन आला. एकोणीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, आठवा महिना. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पाय आणि चेहरा सुजला होता. सात वाजता ती कोपीत पडली, हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. अड्ड्यावर लगेच ठरलं की बाहेरचं झालंय, देवऋषाकडे न्या. आमच्या एका कार्यकर्तीने हट्ट धरला आणि १०८ बोलावली. दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते.

रात्रपाळी आठला सुरू होते आणि सकाळी आठला संपते. ताईंनी नुकतंच दुपारच्या सिस्टरकडून ओव्हर घेतलं होतं. ओव्हर म्हणजे खाटेगणिक चालत जाऊन रुग्ण ताब्यात घेणं. कोणाचं सलाईन किती उरलंय, कोणाला रक्त लावायचंय, कोणाचे टाके ओले आहेत, हे सगळं त्यात येतं. वॉर्डात ३२ बायका होत्या, शिवाय त्यांची बाळं. सिस्टर एक, मदतीला एक मावशी. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे.

ताईंनी मुलीचा रक्तदाब घेतला. १७० वर ११०. लघवीत पट्टी बुडवली तर प्रथिन भरपूर. त्यांनी नातेवाइकांना एवढंच विचारलं, "फिट किती वाजता आली? किती वेळ राहिली? कार्ड आहे का?" सासूने पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. शेवटची नोंद दिवाळीच्या आधीची, गावाकडची. त्यानंतर अडीच महिन्यांत कोणीही तिचा रक्तदाब मोजला नव्हता. ताई कार्डाकडे क्षणभर बघत राहिल्या, मग ते केसपेपरला टाचून ठेवलं. रागावल्या नाहीत. "आता इथं आलीय ना," एवढंच म्हणाल्या.

गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. डॉक्टरांनी ते लिहिलं आणि ते सिझेरियनसाठी थिएटरमध्ये गेले. पुढचं काम ताईंचं होतं. एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम औषध असतं. पहिला डोस १४ ग्रॅमचा. त्यातले ४ ग्रॅम पातळ करून शिरेतून, घड्याळाकडे बघत हळूहळू द्यायचे, आणि दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम. ताईंनी चौदा अँप्युल ट्रेमध्ये रांगेने मांडल्या, फोडल्यावर रिकाम्या नळ्या पुन्हा मोजल्या आणि मगच टाकल्या. मुलीला डाव्या कुशीवर वळवलं, खाटेचे कठडे वर केले, लघवीची नळी घातली. चिकटपट्टीच्या तुकड्यावर वेळ लिहिली, ९.४०, आणि तो तुकडा खाटेच्या दांडीला चिकटवला. त्याखाली दुसरा: १.४०. तिसरा: ५.४०. दर चार तासांनी ५ ग्रॅम द्यायचे होते.

या औषधाची दुसरी बाजू आहे. ते लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं तर ते रक्तात साठतं. आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास मंदावतो आणि थांबतोही. म्हणून प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात. गुडघ्याखाली ठोकलं की पाय उडतो का? श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का? मागच्या चार तासांत निदान १०० मिली लघवी झाली का? उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट लागतं. ताईंनी त्याची अँप्युल आणि सिरिंज उशाशीच ठेवली. "कपाटात असलेलं औषध रात्री नसल्यासारखंच असतं," त्या म्हणाल्या.

मधल्या चार तासांत त्या एकदाही निवांत बसल्या नाहीत. चार नंबरच्या बाईला रक्त चढत होतं, पहिली पंधरा मिनिटं त्या तिच्यापाशी उभ्या होत्या. एका नव्या आईला बाळ छातीला लागत नव्हतं. अकरा नंबरला रक्तस्राव वाढल्यासारखा वाटला, तर पोट दाबून पाहिलं, पॅड बदललं, पुन्हा अर्ध्या तासाने पाहिलं. फेरीच्या प्रत्येक वळणावर त्या मुलीपाशी थांबायच्या. हात तिच्या पोटावर ठेवून तिचे श्वास मोजायच्या, तेही पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचा शॉर्टकट त्यांनी केला नाही.

बारा वाजता शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने विचारलं, "सिस्टर, तुमचं आडनाव काय? तुम्ही कुठल्या?" हा प्रश्न कशासाठी विचारला जातो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ताई सलाईनचे थेंब मोजत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "मी या वॉर्डातली, आजी. तुमच्या सुनेला पाणी पाजा." आम्ही तिथे असतो तर भाषण केलं असतं. ताईंनी आजीच्या हातात पेला दिला.

१.४० ला पाय चांगला उडाला. श्वास १८, लघवी १६० मिली. डोस दिला. डॉक्टर मधे येऊन गेले. झटके आलेल्या बाईला बाळंत करणं हाच खरा उपाय, म्हणून त्यांनी कळा सुरू करायचं औषध दिलं आणि पुढच्या केसला गेले. तीन वाजता ताईंनी डबा उघडला, भाकरीचे दोन घास खाल्ले आणि उठल्या.

पहाटे ५.४० ला त्यांनी पाच अँप्युल काढल्या, पण फोडल्या नाहीत. आधी पिशवी पाहिली. चार तासांत ६० मिली. नळी मांडीखाली दाबली गेली की लघवी अडते, म्हणून त्यांनी पाय उचलून नळी सरळ केली, पिशवी खाली आहे ना तेही पाहिलं. तरी वाढ नाही. गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडाला, पण आळसावल्यासारखा. श्वास १६. केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: दर चार तासांनी ५ ग्रॅम. सासू म्हणाली, "इंजेक्शनची वेळ झाली ना?" ताई म्हणाल्या, "झाली. पण आत्ता देत नाही."

त्यांनी थिएटरमध्ये फोन लावला. आकडे सांगितले, मत सांगितलं नाही: लघवी ६०, प्रतिक्रिया मंद, श्वास १६, डोस थांबवलाय. आलेली वेळ आणि डॉक्टरांचं उत्तर रजिस्टरमध्ये लिहिलं. डॉक्टर वीस मिनिटांनी आले, तपासलं आणि म्हणाले, थांबवलंत ते बरं केलंत, तासाभराने पुन्हा बघा. तो तास ताई त्या खाटेपासून चार पावलांपलीकडे गेल्या नाहीत. लांबच्या खाटांचं काम मावशीला आवाज देऊन करून घेतलं. ६.४० ला पिशवीत आणखी ४० मिली होते, पाय व्यवस्थित उडाला, श्वास १८. तेव्हा डॉक्टरांना विचारून डोस दिला आणि दांडीवरचा ५.४० चा तुकडा काढून ६.४० चा लावला.

रजिस्टर एवढं बारकाईने का लिहिता, असं आम्ही विचारलं. "लिहिलं नाही तर केलंच नाही," त्या म्हणाल्या. "२०२१ पासून आम्ही सगळ्याच जणी जास्त लिहितो." त्या रात्री ताई स्वतःबद्दल एवढंच बोलल्या. मुलगी दुपारी बाळंत झाली. बाळ १९०० ग्रॅमचं, नवजात कक्षात ठेवलं. ताई तेव्हा घरी झोपल्या असतील, किंवा नसतीलही.

आता मुद्द्याकडे येऊ. ती मुलगी आजारी पडली ती कोपीत नाही, हिशेबात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावावर, मजुरी टनावर. एक दिवस मोडला की खाडा कापला जातो. रक्तदाब मोजायला जाणं म्हणजे खाडा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईसाठी होता. कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या फडातल्या बाईला मुकादम आजही कामगार मानत नाही, मग रजा कुठली?

आणि त्या मुलीला वाचवणारी बाईही करारावर आहे. कायम सिस्टरएवढंच काम, पगार कमी आणि अकरा महिन्यांनी पुन्हा सही. डोस थांबवण्याचा निर्णय तिने एकटीने घेतला. तो चुकला असता तर चौकशी तिची झाली असती. बरोबर ठरला, तर रजिस्टरमध्ये एक ओळ राहिली.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात काही घडलं तर प्रश्न जरूर विचारा, पण या क्रमाने विचारा. त्या पाळीत रुग्ण किती होते आणि परिचारिका किती? मंजूर पदं किती आणि भरलेली किती? हे आकडे माहिती अधिकारात मागता येतात. आणि हंगाम सुरू झाला की अड्ड्यावरच्या प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड बघा. शेवटच्या नोंदीची तारीख महिन्याभरापूर्वीची असेल, तर त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करा. डोकेदुखी, अंधारी, सूज यांतलं काहीही असेल तर मागणीत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

सिस्टर कुठे होती, याचं उत्तर आमच्यापुरतं मिळालं आहे. बाकीचे कुठे होते, हे आता विचारायचं आहे.

जय भीम.