पातळी : प्राथमिक

आम्ही दोघे पुण्यात बसून परदेशांतल्या मराठी घरांतील मुलांना व्हिडिओ कॉलवर मराठी शिकवतो. एका वेळी एकच विद्यार्थी. आरंभी आम्ही पालकांसाठी जो फॉर्म केला, त्यात तेवीस प्रश्न होते, आणि ज्याचा आम्हांला विशेष अभिमान वाटे तो प्रश्न असा : 'मराठीची पातळी – प्राथमिक, मध्यम, प्रगत'.

एका आईने नऊ वर्षांच्या मुलासाठी 'प्राथमिक' वर खूण केली. आम्ही अर्थात मुळाक्षरांपासून आरंभ केला. चार महिन्यांत मुलगा देवनागरी वाचू लागला. मग आईने वर्ग थांबवत असल्याचे कळवले. तो आजीशी फोनवर पूर्वी मोडके-तोडके बोलत असे, तेही आता बंद झाले होते. त्याला मराठी पूर्ण समजत होते, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. 'माझा वही' म्हटले की आम्ही 'माझी' म्हणून दुरुस्त करीत होतो, आणि त्याने चूक टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग पत्करला होता. आईने खोटे काहीच लिहिले नव्हते. 'प्राथमिक' या शब्दाने तिला एक अर्थ दिला होता आणि आम्हांला दुसरा.

त्यानंतर फॉर्ममध्ये सात प्रश्न उरले. पातळीच्या जागी आला : 'आजी-आजोबा मराठीत काही विचारतात तेव्हा मूल काय करते?' त्याला पर्याय चार – समजत नाही, समजते पण उत्तर इंग्रजीत देते, एखाद-दुसऱ्या मराठी शब्दात देते, वाक्यात देते. दुसरा प्रश्न : 'सहा महिन्यांनंतर कोणता प्रसंग घडलेला पाहायला आवडेल?' इथे 'संस्कृतीची ओळख व्हावी' असे लिहून आले, तर पहिल्या कॉलवर प्रसंगच मागावा लागतो. जन्मतारीख, शाळेचे नाव हे प्रश्न काढून टाकले; वय पुरते. वेळेऐवजी शहर विचारतो, कारण अमेरिकेतली घड्याळे वर्षातून दोनदा सरकतात आणि डॅलसचे सकाळचे नऊ आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसात, तर हिवाळ्यात साडेआठ होतात.

पहिला कॉल पंचवीस मिनिटांचा. आधी मूल, मग पालक. हा क्रम आम्ही मोडत नाही. पालक आधी बोलले की मुलासमोरच 'त्याला काही येत नाही हो' हे वाक्य उच्चारले जाते आणि पुढची दहा मिनिटे मूल ते खरे करून दाखवते. या कॉलवर एकही चूक दुरुस्त करायची नाही, हा दुसरा नियम. शिक्षकाला तो जड जातो.

गेल्या वर्षी डॅलसहून अकरा वर्षांच्या मुलीचा फॉर्म आला. 'समजते पण उत्तर इंग्रजीत' वर खूण. प्रसंग – दिवाळीत आजीला करंज्या कशा झाल्या ते हिने सांगावे. कॉलवर, हातवारे न करता, आम्ही म्हटले, 'तुझ्या खोलीतलं एखादं पुस्तक आण, पण जाड नको.' ती पातळसे पुस्तक घेऊन आली. म्हणजे नकारही नेमका कळला होता. मग घरातल्यांविषयी विचारले. ती इंग्रजीत बोलत होती, पण मध्येच 'माझा दादा', 'माझी आई' असे शब्द आले, आणि दोन्हींतला 'झ' वेगळा होता : पहिला दंत्य, दुसरा तालव्य. लिपीत हा भेद दिसत नाही, म्हणून वाचून मराठी शिकलेला माणूस इथे बहुधा अडखळतो. तिने तो घरात ऐकून उचलला होता. तिला अक्षरही वाचता येत नव्हते, हे खरे, परंतु मुळाक्षरांची निकड नव्हती.

कॉलवर आम्ही कसलेच आश्वासन देत नाही. त्याच दिवशी चार ओळींचे ईमेल पाठवतो. त्यात लिहिले : पहिले आठ आठवडे लिपी नाही, लिंगाच्या चुका थेट दुरुस्त करणार नाही, बरोबर रूप आमच्या उत्तरात येईल. आईला हे पटले नाही. तिच्या मते भाषा म्हणजे आधी वाचन. तिचे शिक्षणही तसेच झालेले. आम्ही तिने स्वतः लिहिलेला करंज्यांचा प्रसंग पुढे ठेवला, आणि लिपीच आधी हवी असेल तर दुसरे शिक्षक सुचवू, असेही कळवले. ती आठ आठवड्यांपुरती राजी झाली.

या पद्धतीला मर्यादा आहे. गप्प बसलेले मूल लाजते आहे की त्याला समजतच नाही, हे पंचवीस मिनिटांत ओळखता येतेच असे नाही. अशा वेळी दुसरा कॉल विनाशुल्क ठेवतो. एक मुलगा दोन्ही कॉलना एक शब्द बोलला नाही. त्याच्या पालकांना आम्ही 'अजून कळलेले नाही' एवढेच लिहिले.

डॅलसची मुलगी सहाव्या आठवड्यात आपण होऊन म्हणाली, 'करंजी जळला.' आमच्यापैकी एकाचे तोंड उघडलेच होते. दुसऱ्याने विचारले, 'जळली? एकच जळली की सगळ्या जळल्या?'

'दोन जळल्या,' ती म्हणाली.