बारा सेकंदांची गाडी

मला हे चाळीस वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही! वर्गात मुलांकडून मात्रा मोजून घेते, अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं फळ्यावर मांडते, आणि तीच मोजणी पडद्यावरच्या चित्राला आवाज जोडताना कामी येते, हे मला गेल्या महिन्यात नांदेडला माझ्या मावसभावाच्या दहा बाय दहाच्या खोलीत कळलं. तेव्हापासून मी जे दिसेल ते मोजत सुटले आहे.

झालं असं. लातूरच्या पाण्यावर आम्ही दोघं मिळून सहा मिनिटांची एक छोटी फिल्म करत होतो. तो नांदेडला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, मी लातूरला मराठी शिकवते. चित्रं त्याची, शब्द माझे. फिल्मचा जीव म्हणजे माझ्या मामांनी मोबाइलवर घेतलेली एक चित्रफीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, तेव्हाची. पहिली जलदूत 12 एप्रिलला पहाटे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पण मामांच्या मोबाइलमध्ये आहे ती पहिलीच, आणि आहे फक्त बारा सेकंद. हात हलतोय, शिट्टी ऐकू येते, वाघिणी एकामागून एक सरकतात, आणि संपलं. ती लांबवता येत नाही, पुन्हा घेता येत नाही.

या बारा सेकंदांसाठी मी लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘12 एप्रिल 2016 रोजी पहाटे 10 वाघिणींमधून 5 लाख लिटर पाणी घेऊन 340 किलोमीटरवरच्या मिरजेहून निघालेली जलदूत रेल्वे लातूरमध्ये दाखल झाली.’ मला ते फार आवडलं होतं. सगळी माहिती एका दमात! मी माइकसमोर बसून ते वाचलं, भावानं ते चित्राखाली लावलं, आणि गाडी पडद्यावरून निघून गेली, घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांचा फोटो आला, तरी माझा आवाज अजून लातूरमध्ये दाखल होतच होता.

“ताई, गाडी गेली अन् तू अजून मिरजेतच हायस,” भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, जरा भरभर वाचते. वाचलं. ऐकलं तर बातम्या संपत आल्यावर वेळ कमी पडलेल्या माणसासारखं! मग त्यानं संगणकावरच माझ्या आवाजाचा वेग पंधरा टक्के वाढवला. तेव्हा ते बारा सेकंदांत बसलं खरं, पण शब्दांमधली सगळी फट गेली, ‘किलोमीटरवरच्या’ हा शब्द चावून फेकल्यासारखा झाला, आणि मामांच्या चित्रफितीतली ती शिट्टी माझ्या आवाजाखाली पूर्ण दबली. ज्या शिट्टीसाठी आपण हा शॉट घेतला, तीच गेली. मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हा भावानं मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाला, “तू किती पळायलीस ते तरी बघू.”

त्यानं मला माझ्याच संहितेतले 220 शब्द मोजून दिले. वर्तमानपत्रातला मजकूर घ्यायचा नाही हे त्यानं बजावलं, कारण परका मजकूर आपण वेगळ्याच चालीवर वाचतो. पहिल्यांदा मी शाळेतल्या सवयीनं वाचलं आणि दीड मिनिटात संपवलं. तो म्हणाला, मामीला गोष्ट सांगायलीस असं समजून वाच. दुसऱ्यांदा बरोबर दोन मिनिटं लागली. म्हणजे माझ्या निवेदनाची गती मिनिटाला 110 शब्द. हा एक आकडा हाती आला आणि अख्खी संहिता माझ्या डोळ्यांसमोर उलगडत गेली!

कारण आता प्रत्येक शॉटला किती शब्द झेपतात हे लिहिण्याआधीच सांगता येतं. 110 भागिले 60, म्हणजे सेकंदाला दोन शब्दांना जरासं कमी. बारा सेकंदांत बावीस शब्द. सबंध फिल्म सहा मिनिटांची, त्यातली दोन मिनिटं मामी आणि शेजारच्या आजी स्वतः बोलतात, उरली चार. चार मिनिटांत 440 शब्द. आणि मी लिहून बसले होते 612! इतके दिवस मी वाक्यं तासत होते, विशेषणं बदलत होते, आणि मुळात ते चित्रात मावणारच नव्हतं.

इंग्रजी निवेदनासाठी मिनिटाला दीडशे शब्दांचा हिशेब सांगितला जातो, तोच आपण उचलला तर फसतो. मराठी शब्द पोटात बरंच काही घेऊन चालतो. ‘किलोमीटरवरच्या’ हा मोजताना एक, पण इंग्रजीत त्याचे दोन-तीन होतील. त्यामुळे मराठीत शब्द कमी लागतात आणि वेळ तेवढाच जातो.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. माझं ते जलदूतचं वाक्य संगणकावर मोजलं तर 21 शब्द भरतात. 110 च्या गतीनं साडेअकरा सेकंद. म्हणजे ते बारा सेकंदांत बसायला हवं होतं! मग बसलं का नाही? मी नांदेडहून परतीच्या एसटीत बसले, लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि शिरूर ताजबंदच्या आसपास माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आकडे! कागदावर ‘2016’ हा एक शब्द आहे, तोंडात मात्र ‘दोन हजार सोळा’. ‘340’ हा एक, तोंडात ‘तीनशे चाळीस’. संगणक डोळ्यांनी मोजतो, वेळ मात्र जिभेला लागतो. मी तिथंच वहीत वाक्य अक्षरी लिहून काढलं, शब्द झाले 24, म्हणजे तेरा सेकंद.

तरीही स्टॉपवॉच चौदाच्या जवळ सांगत होतं. मग मी अक्षरं मोजली, अगदी अभंगाची मोजतो तशी, जोडाक्षराचं एक धरून. 76 भरली. माझ्या त्या 220 शब्दांत 660 च्या आसपास अक्षरं होती, म्हणजे माझी जीभ सेकंदाला साडेपाच अक्षरं चालते. 76 ला साडेपाचांनी भागलं की पावणेचौदा! बरोबर स्टॉपवॉचचं उत्तर. एसटीत मी मोठ्यानं ‘हेच की!’ म्हणाले, शेजारच्या आजी दचकल्या. ‘वाघिणींमधून’ सहा अक्षरं, ‘किलोमीटरवरच्या’ आठ. असे दोन-तीन शब्द एका वाक्यात आले की शब्दांचा हिशेब चुकतो आणि अक्षरांचा टिकतो. लांब शॉटला शब्द मोजले तरी चालतं, तिथे लहानमोठे शब्द एकमेकांना सांभाळून घेतात. पण पंधरा सेकंदांच्या आतला शॉट असेल तर अक्षरंच मोजावीत, असं आता माझं ठाम मत आहे.

घरी येऊन मी वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. बारा सेकंदांतले तीन तरी शिट्टीला द्यायचेच होते. उरले नऊ, म्हणजे पन्नासएक अक्षरं. मग प्रत्येक शब्दाला विचारायला लागले, तू चित्रात दिसतोस का? ‘रेल्वे’ दिसते. ‘दाखल झाली’ दिसतं. तारीख पडद्यावर खाली लिहिता येते, ती डोळ्यांनी वाचली जाते आणि तिला आवाजाचा एकही सेकंद लागत नाही. 340 किलोमीटर तर मिरज म्हटलं की लातूरच्या माणसाला कळतात. उरलं ते असं: ‘पहाटे पहाटे दहा वाघिणी लातूरला पोचल्या. पोटात पाच लाख लिटर पाणी. निघाल्या होत्या मिरजेहून.’ चौदा शब्द, चाळीस अक्षरं, सव्वासात सेकंद. मधले दोन पूर्णविराम मिळून आणखी एक सेकंद. हा पूर्णविरामाचा वेळ धरायला मी आधी विसरले होते. तो अर्धा-अर्धा सेकंदाचा असतो, आणि छोट्या वाक्यांच्या निवेदनात त्याची चांगलीच बेरीज होते.

आता पहिले साडेतीन सेकंद शिट्टी एकटी वाजते. वाघिणी येतात. मग आवाज. ‘पाणी’ हा शब्द येतो तेव्हा वाघिणीवरून ठिबकणारं पाणी खरंच दिसतं, आणि हे मी तीनदा मागंपुढं करून जुळवलं आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट नांदेडच्या शॉटची. नगिना घाटावर भावानं सकाळी गोदावरीचा पस्तीस सेकंदांचा सलग शॉट घेतला आहे. पस्तीस सेकंदांना 64 शब्द झेपतात हे कळल्यावर मी हावरटासारखे बरोबर 64 लिहिले. विष्णुपुरी धरण, उपसा सिंचन, सगळं आलं त्यात. वेळेत तंतोतंत बसलं, आणि तरी ऐकवेना. झेपतात तितके शब्द भरले की नदी दिसतच नाही. भावानं तेव्हा सांगितलं की गणितानं येतो तो आकडा वरची मर्यादा समजायची, लिहायचं त्याच्या पाऊणपट. म्हणजे माझ्या 440 चे 330. पण या शॉटला मी पाऊणपटही लिहिलं नाही. आठव्या सेकंदाला ‘हीच गोदावरी नांदेडला मिळाली.’ विसाव्या सेकंदाला, नाव काठापासून सुटते तिथे, ‘लातूरला नाही.’ बाकी पाण्याचा आवाज.

आमचे वडीलधारे सिनेमाआधी थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांची आठवण काढतात. 1948 साली सुरू झालेली ती संस्था एकच चित्र अनेक भाषांतल्या निवेदनांसह देशभर पाठवायची. चित्र ठरलेलं, भाषा बदलायची! मराठी निवेदन लिहिणाऱ्यांनी हे अक्षरांचं गणित रोज केलं असणार. त्यांच्याबद्दल मला आता फार आदर वाटतो.

शेवटी एक अडचण आली, तीही सांगते. शेवटचं निवेदन माझ्याऐवजी मामीनं करावं असं ठरलं, कारण पाण्याच्या त्या रांगेत ती स्वतः उभी होती. माझ्या गतीवर लिहिलेले 48 शब्द तिच्या तोंडी दिले आणि पुन्हा सगळं चित्राबाहेर सांडलं. मामीची गती मोजली तर मिनिटाला 90. माझ्या सव्वीस सेकंदांचे तिला बत्तीस लागत होते. तिला पळवलं नाही, नऊ-दहा शब्द कमी केले. गती माणसाची असते, ज्याचा आवाज त्याचीच मोजायची.

लातूरकरांनो, तुमच्याही जुन्या मोबाइलमध्ये 2016 च्या त्या दिवसांची पाच-दहा सेकंदांची एखादी चित्रफीत पडून असेल. तिला आवाज देणार असाल तर आधी ती किती सेकंदांची आहे ते लिहून ठेवा, मग ज्याचा आवाज घेणार त्याला दोन मिनिटं वाचायला लावून त्याची अक्षरं मोजा, आणि पेन त्यानंतरच उचला.