फोटोमागची ओळ

आमच्या घरातला जुना फोटो हातात घेतला की आधी उलटा करून बघायचा, ही सवय मला लहानपणापासूनची. पुढे माणसं दिसायची, मागे अण्णांचं, माझ्या वडिलांचं, अक्षर. कराडच्या मामाचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा पाटणला आमच्याकडेच येऊन पडला होता. एका रोलात बारा फोटो. ते बारा संपायला कधी कधी वर्ष जायचं. पाडव्याला घातलेला रोल पुढच्या संक्रांतीला कराडला धुवायला जायचा आणि सगळं वर्ष एकदमच एका पाकिटातून घरी यायचं.

मग अण्णा लिहायला बसायचे. पाटीवर धुतलेलं धोतर पसरायचं, त्यावर फोटो पालथा ठेवायचा आणि मऊ शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहायचं. जोर दिला तर अक्षराचा वण पुढच्या बाजूला, थेट कुणाच्या तरी गालावर उमटतो. शाई तर अजिबात चालायची नाही. गठ्ठ्यात ठेवले की वरच्याची शाई खालच्याच्या तोंडाला लागते. लिहायचं काय, तेही ठरलेलं. दिवस, ठिकाण, डावीकडून कोण कोण आणि फोटोत न मावलेली एखादी गोष्ट. ‘सुंदर’, ‘अविस्मरणीय’ असले शब्द मी त्यांच्या हातचे कधी पाहिले नाहीत.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की आईनं मला गोधडीसकट उचललं आणि नंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. त्या वर्षीच्या रोलातला अकरावा फोटो पडलेल्या भिंतीचा आहे. त्याच्या मागे अण्णांनी लिहिलंय : ‘भूकंपानंतर दोन दिवस. मागची भिंत गेली. म्हैस दगावली. माणसं सुखरूप.’ खाली आईच्या सांगण्यावरून वाढवलेली ओळ आहे : ‘जाईचा वेल आहे.’

या मजकुरात ‘पण’ कुठेच नाही, हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली. म्हैस दगावली, पण माणसं सुखरूप, असं अण्णांना सहज लिहिता आलं असतं. तसं लिहिलं की म्हशीचा विषय संपतो. दुसरं वाक्य पहिल्याच्या डोक्यावर बसतं. त्यांनी पूर्णविराम दिले. म्हैस तिच्या जागी राहिली.

हे सगळं वर आलं २०२१ च्या डिसेंबरात. माझी भाची, भावाची धाकटी, पुण्याची नोकरी घरूनच करत पाटणला होती. तिला इन्स्टाग्रामवर वर्षाचे फोटो टाकायचे होते, एकापाठोपाठ सरकवत बघायचे तसले. तेव्हा एका वेळी दहाच टाकता यायचे. आमच्या रोलापेक्षा दोन कमी! फोटो निवडून झाले होते, खालच्या मजकुराशी अडली होती. “आत्या, तू मराठी शिकवायचीस ना, जरा बघ,” म्हणाली. तिनं लिहिलं होतं : ‘कठीण वर्ष होतं, पण खूप काही शिकवून गेलं.’ खाली रंगीत बदाम.

मी विचारलं, “काय शिकवलं?” ती गप्प बसली. त्या वर्षी मे महिन्यात आई गेली होती, म्हणजे तिची आजी. करोनाच होता. जुलैत २२ तारखेच्या रात्री तालुक्यात डोंगर खाली आले. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथली घरं माणसांसकट गाडली गेली. ऑक्टोबरात तिच्या थोरल्या बहिणीला मुलगी झाली. यातलं काहीही कुणाला शिकवण्यासाठी झालेलं नव्हतं.

पहिली अडचण फोटोंचीच निघाली. पहिल्या फोटोचा जो आकार, त्याच मापात बाकीचे नऊ कापले जातात, हे मला तिनं दाखवलं. तिनं पहिला घेतला होता तिचा स्वतःचा, उभा. त्यामुळे सडावाघापूरच्या पठारावर पवनचक्क्यांपुढे काढलेला आमचा आडवा फोटो दोन्ही बाजूंनी कापला जात होता, आणि डाव्या टोकाला उभी असलेली आई निम्मी जात होती. शेवटी तो आडवा फोटोच पहिला घेतला. मग इतरांच्या डोक्यावरचं आभाळ गेलं. गेलं तर गेलं.

दुसरा प्रश्न मिरगावकडच्या फोटोचा. मदत घेऊन गेलेल्यांबरोबर ती गेली होती, आणि चिखलातून अर्धवट वर आलेल्या एका लोखंडी कपाटाचा फोटो तिच्याकडे होता. फोटो चांगला होता. तेच मला टोचलं. कपाट कुणाचं, ते माणूस आहे की नाही, आम्हाला माहीत नव्हतं. आपल्या वर्षाच्या हिशेबात दुसऱ्याचं कपाट कसं घालायचं? त्याऐवजी आमच्या चुलीपुढचा फोटो घेतला. परातीत भाकऱ्यांची चळत आणि वहिनीचे पिठाचे हात. त्या भाकऱ्या कुठे गेल्या, एवढं मजकुरात लिहायचं ठरलं.

मजकुराला २२०० अक्षरांची मर्यादा असते. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आपली लिपी त्यात पटकन संपते. ‘कृष्णा’ डोळ्याला दोन अक्षरं दिसतात. मोजणीत क, ऋकार, ष, पाय मोडायचं चिन्ह, ण, काना अशी सहा होतात. खरी मर्यादा मात्र त्याहून आखूड. फोनवर पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, पुढचं `more` दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि बहुतेक जण दाबत नाहीत. भाचीच्या एका मैत्रिणीनं आदल्या वर्षी वर नोकरीची बातमी लिहिली होती आणि खाली वडील गेल्याची. त्याखाली ‘अभिनंदन! पार्टी कधी?’ची रांग लागली. उलट केलं असतं, तर नव्या नोकरीला सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली असती. म्हणजे पहिल्याच ओळीत दोन्ही हवं, आणि तेही एकमेकांना न झाकता.

दोन संध्याकाळी खर्चून, खोडून खोडून तिनं लिहिलं ते असं :

‘या वर्षी घरातलं एक माणूस कमी झालं आणि एक वाढलं.

आजी मे महिन्यात गेली. दवाखान्यात आत सोडत नव्हते. शेवटचं बोलणं फोनवर झालं. तिनं विचारलं, लोणच्याच्या कैऱ्या आणल्या का. आणल्या नव्हत्या. जुलैत तीन दिवस वीज नव्हती, चुलीवर भाकऱ्या केल्या, त्या मिरगावला गेल्या. ऑक्टोबरात ताईला मुलगी झाली. रात्रभर रडते. मला नोकरीत बढती मिळाली. पहिल्या फोटोत डावीकडून पहिली आजी.’

‘आणल्या नव्हत्या’ काढावं का, असं तिनं मला दोनदा विचारलं. तिच्या मते ते फार उघडं होतं. मी म्हटलं, तुझं तू बघ. तिनं ठेवलं. बदाम मात्र राहिला, शेवटी एक, पिवळा. त्यावर मी काही बोलले नाही. आईनंही जाईचा वेल घुसवला होताच.

पुढच्या आठवड्यात कराडला गेले तेव्हा तो सडावाघापूरचा फोटो मी कागदावर काढून आणला. पाटी काढली, धोतर नव्हतं म्हणून आईचं जुनं पातळ पसरलं, फोटो पालथा ठेवला. पेन्सिल उठेचना. हल्लीच्या फोटोच्या पाठीला प्लास्टिकचा गुळगुळीत थर असतो, शिसं त्यावरून घसरतं. भाचीनं सीडीवर नावं घालायचं एक जुनं काळं पेन शोधून दिलं. त्यानं लिहिलं आणि वाळेपर्यंत फोटो तसाच पालथा, जात्यावर ठेवून दिला.